नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६: धर्मांतराचा निर्णय आणि त्यामागचा इतिहासाचा युक्तिवाद

या अभ्यासात एकाच निर्णयाची उलगड केली आहे. अस्पृश्यांनी हिंदू धर्म सोडायचा हे १९३५ साली ठरले. कुठे जायचे हे ठरायला आणि प्रत्यक्ष जायला २१ वर्षे लागली. या काळात धर्मांतराच्या समर्थनासाठी इतिहासाची एक मांडणी उभी राहिली. ती कशी उभी राहिली, कुठे उपयोगी पडली आणि कुठे तोकडी पडली, यावर इथे भर आहे. सार्वजनिक जीवनातल्या व्यक्तींचा उल्लेख नावाने केला आहे, वस्त्यांतल्या सामान्य माणसांची नावे मुद्दाम टाळली आहेत.

पार्श्वभूमी

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि पाच वर्षे रेंगाळत चालला. दार उघडले नाही. त्याआधी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला होता, कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगून टाकले की, हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही.

पुढच्या वर्षी, मे १९३६ अखेर मुंबईत महार परिषद भरली. तिथले भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध आहे. या विषयावर लिहिणारे बरेचजण ते घाईत वाचतात, म्हणून त्यावर थोडे थांबतो. त्या भाषणात प्राचीन इतिहास जवळजवळ नाही. सगळा युक्तिवाद वर्तमानाचा आहे. गावात तुमची बाजू घेणारे कोणी नाही, संख्याबळ नाही, पैसा नाही, आणि ज्या धर्मात तुम्ही आहात तो धर्म तुम्हाला माणूस मानत नाही, तेव्हा त्या धर्मात राहण्याचे कारण काय? धर्म माणसासाठी आहे, माणूस धर्मासाठी नाही. एवढ्या आधारावर परिषदेने हिंदू धर्म सोडण्याचा आणि हिंदू देवदेवतांची पूजा बंद करण्याचा ठराव केला. निर्णय आधी झाला, इतिहासाची मांडणी नंतर आली. हा क्रम लक्षात ठेवला नाही तर पुढचे सगळेच उलटे दिसते.

प्रश्न

बाहेर पडणे ठरले, पण तीन गोष्टी अडत होत्या.

पहिली बाहेरून येणारी टीका: हे लोक राजकीय सौद्यासाठी धर्म बदलत आहेत, बापजाद्यांचा धर्म विकत आहेत. दुसरी आतली होती, आणि माझ्या मते तीच अधिक अवघड. वस्तीत खंडोबा होता, मरीआई होती, पंढरीची वारी होती, चोखोबा होता. हे सगळे कोणी बाहेरून लादलेले ओझे म्हणून वागवत नव्हते, ते घरातले होते. ते सोडायला सांगायचे तर त्याच्या जागी काहीतरी आपले म्हणण्याजोगे द्यावे लागणार होते. तिसरी गोष्ट कागदाची. १९३६ च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना यादीबाहेर ठेवले होते, आणि बंगालपुरते बौद्धांनाही. म्हणजे धर्म बदलला की पुणे कराराने मिळालेल्या राखीव जागांवरचा हक्क जाणार, हे चित्र तेव्हापासूनच स्पष्ट होते.

समोर असलेले पर्याय

इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म या दोहोंकडून निमंत्रणे आली. संख्येचे बळ आणि बाहेरची मदत दोन्हीकडे होती. पण या मार्गाने गेल्यास अस्पृश्य देशाच्या प्रवाहातून तुटतील, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच म्हटले होते. शिखांचा पर्याय सर्वांत पुढे गेला. हिंदू महासभेच्या डॉ. मुंज्यांशी बोलणी झाली, बाबासाहेब अमृतसरच्या शीख परिषदेला गेले, मुंबईत खालसा कॉलेज उभे राहिले. तरीही तो पर्याय मागे पडला. राखीव जागांचा हक्क शीख अस्पृश्यांना पंजाबाबाहेर मिळेल याची शाश्वती नव्हती, हे त्याचे एक ठोस कारण.

बुद्धाकडची ओढ जुनी होती. मॅट्रिक झाल्यावर १९०७ साली कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र बाबासाहेबांना भेट दिले होते. दक्षिणेत अयोथीदास पंडितरांनी १८९८ पासूनच परयर ही अस्पृश्य जात मूळची बौद्ध होती अशी मांडणी करून स्वतः बौद्ध धर्म घेतला होता. तेव्हा ‘आपण पूर्वी बौद्ध होतो’ हा विचार नागपुरात पहिल्यांदा जन्मला नाही.

महाराष्ट्रात मात्र त्याआधी वेगळाच इतिहास सांगितला जात होता. लष्करातली महारांची भरती बंद झाल्यावर १८९० च्या दशकात गोपाळबुवा वलंगकरांनी सरकारकडे अर्ज केला. त्यात महार हे मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी निषिद्ध अन्न खावे लागले म्हणून खाली ढकलले गेले, असा दावा होता. हा पर्याय बाबासाहेबांच्या पिढीसमोरही खुला होता. पण त्यातून निघणारी मागणी एकच होती: आम्हाला आमची वरची जागा परत द्या. जागा द्यायची की नाही हे ठरवणारा मात्र तोच राहतो, ज्याने ती काढून घेतली. आपण पडलेले क्षत्रिय आहोत म्हटले की वर्णव्यवस्था मान्य करावीच लागते. म्हणून हा इतिहास सोडणे हा या सगळ्या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय मानायला हवा, जरी त्याची तारीख कुठे नोंदलेली नाही.

इतिहासाची मांडणी

१९४८ साली बाबासाहेबांचा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. त्यातला धागा थोडक्यात असा.

भटक्या टोळ्या शेतीला स्थिरावल्या तेव्हा लढायांत हरलेल्या टोळ्यांची माणसे पांगली. त्यांना आसरा हवा होता, आणि गावांना राखणदार. त्यांची वस्ती गावाच्या वेशीबाहेर झाली, कारण ते त्या टोळीच्या रक्ताचे नव्हते. विटाळ हे वस्ती बाहेर असण्याचे कारण नव्हते. इथे त्यांनी महारांच्या बावन्न हक्कांचा दाखला दिला आहे: गावातून भाकरी मागण्याचा, सुगीत धान्याचा वाटा घेण्याचा, मेलेले जनावर नेण्याचा. परंपरा सांगते की हे हक्क बेदरच्या बादशहाने दिले. बाबासाहेबांचे म्हणणे, बादशहाने ते फक्त मंजूर केले असतील, मूळ करार त्याहून फार जुना असला पाहिजे.

मग हीच माणसे अस्पृश्य का झाली? त्यांचे उत्तर दोन भागांत येते. ही पांगलेली माणसे बौद्ध होती आणि त्यांनी ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व मानले नाही, हा पहिला भाग. द्वेषाचा पुरावा म्हणून ते ‘मृच्छकटिक’ नाटकाकडे जातात. चारुदत्तासारखा उदार माणूस, पण समोरून बौद्ध श्रमण येताना दिसताच तो अपशकुन मानतो आणि वाट बदलतो. उलट बाजूने, म्हैसूरकडच्या होलेय या अस्पृश्य जातीच्या वस्तीत ब्राह्मण शिरला तर लोक एकजुटीने बाहेर येऊन त्याला चपलांनी मारत, अशी एका इंग्रज अधिकाऱ्याची नोंद ते देतात. तिरस्कार दोन्हीकडून होता, तर त्याला काही जुने वैर कारण असले पाहिजे, असा त्यांचा तर्क.

दुसरा भाग गोमांसाचा. बौद्धांशी चाललेल्या चढाओढीत ब्राह्मणांनी यज्ञातली गोहत्या सोडली, गोमांस सोडले आणि गाय पवित्र ठरवली. गुप्त राजांच्या काळात गोहत्या महापातक झाले. पांगलेली माणसे मात्र मेलेल्या गाईचे मांस खात राहिली. गाय मारायची नसल्याने त्यांच्या अहिंसेला ते आड येत नव्हते, आणि मेलेले जनावर नेणे हा तर त्यांचा हक्कच होता. जे पूर्वी साधे अन्न होते तेच आता धर्मबाह्य ठरले. यावरून अस्पृश्यतेचा उगम त्यांनी सुमारे इ. स. ४०० च्या आसपास ठेवला.

ही मांडणी इतकी परिणामकारक का ठरली, ते पाहायला हवे. गावात रोज ज्या गोष्टींनी माणसाला खाली पाहायला लावले जाई (वेशीबाहेरचे घर, मागून आणलेली भाकरी, ओढलेले ढोर), त्या प्रत्येकीला या मांडणीत लाजेऐवजी कारण मिळाले. वेशीबाहेर घर आहे, कारण पूर्वज पाहुणे म्हणून आले आणि राखणदार झाले. भाकरी मागणे ही भीक नव्हती, तो कराराचा मोबदला होता. आणि धर्म बदलणे म्हणजे फुटून जाणे उरले नाही. जे हिसकावून घेतले तेच पुन्हा हाती घेणे, असा त्याचा अर्थ झाला. बापजाद्यांचा धर्म विकल्याच्या आरोपाला यापेक्षा नेमके उत्तर सापडणे कठीण होते.

आता त्यातल्या उणिवा. पांगलेली माणसे बौद्ध होती याला थेट पुरावा नाही, हे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात मान्य केले आहे. बहुसंख्य लोकच तेव्हा बौद्ध होते, म्हणून तेही असणार असे धरता येते, एवढेच ते म्हणतात. प्रस्तावनेतही तुटलेले दुवे कल्पनेने आणि गृहीतकाने जोडावे लागले, हे सिद्धांत अंतिम नाहीत, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. काळाचा मुद्दाही अडचणीचा. चिनी प्रवासी फाहियान इ. स. ४०० च्या सुमारास भारतात आला तेव्हा चांडाळ गावाबाहेर राहत आणि बाजारात शिरताना लाकडावर आवाज करत, असे त्याने लिहून ठेवले. बाबासाहेबांना ही नोंद ठाऊक होती. चांडाळांची स्थिती आणि अस्पृश्यता या वेगळ्या गोष्टी आहेत, असे सांगून त्यांनी तिला उत्तर दिले. पण मातंग जातकातल्या मुलीचे काय? चांडाळ नजरेस पडला म्हणून ती डोळे धुते. ही गोष्ट बौद्ध वाङ्मयातलीच आहे. विटाळाची ही भावना गोमांसबंदीची वाट पाहत थांबली होती, असे म्हणणे त्यामुळे जड जाते.

विठोबाच्या बाबतीत अशीच गुंतागुंत झाली. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेब म्हणाले की पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे आणि आपण ते लिहून सिद्ध करणार आहोत. ते लिखाण पूर्ण झाले नाही. वारकरी घरातून आलेल्या माणसाला या विधानाने केवढा दिलासा दिला असेल! पण लोकपरंपरेत विठोबा हा दशावतारांतला बौद्ध अवतार, म्हणजे विष्णूच. याच वाटेने थोडे पुढे गेले की बुद्ध पुन्हा विष्णूच्या पोटात जातो. दोन वर्षांनी आलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी हीच वाट बंद करते: बुद्ध विष्णूचा अवतार आहे हा खोटा आणि खोडसाळ प्रचार होय.

प्रत्यक्ष कृती

बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे पूर्ण झाली ते वर्ष निवडले आणि दिवस अशोक विजयादशमीचा. नागपुरात वामनराव गोडबोल्यांनी तयारी सांभाळली. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळची सुमारे १४ एकर मोकळी जागा घेतली. लोक आदल्या दिवसांपासून रेल्वेने, बैलगाड्यांनी, पायी येत होते, अनेकांच्या अंगावर पांढरी वस्त्रे होती. उपस्थितीचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत दिले जातात.

१४ तारखेला सकाळी कुशीनगरचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी यांनी बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिले. इथवर परंपरेप्रमाणे झाले. यानंतर बाबासाहेबांनी जे केले ते परंपरेत नव्हते. ते स्वतः समुदायाकडे वळले, ज्यांना धम्म घ्यायचा आहे त्यांनी उभे राहावे म्हणाले, आणि लाखोंना त्यांनीच दीक्षा दिली. नुकताच उपासक झालेला माणूस दुसऱ्यांना दीक्षा देतो, याबद्दल पुढे आक्षेपही आले. पण इतक्या गावांना पुरतील एवढे भिक्खू होते कुठे? भिक्खूंच्या वाटेने जायचे तर धर्मांतर वर्षानुवर्षे ताटकळले असते. उपासकाने उपासकाला दीक्षा द्यायची, या निर्णयामुळेच ते एका सकाळीत झाले आणि पुढे खेड्यापाड्यांत पसरले.

यानंतर बावीस प्रतिज्ञा झाल्या. त्या मुळातून वाचल्यावर एक गोष्ट ठळकपणे दिसते: त्यांत पूर्वजांचा उल्लेखच नाही. आम्ही नागांचे वंशज आहोत, आम्ही पूर्वी बौद्ध होतो, असे एकही वाक्य नाही. ब्रह्मा-विष्णू-महेश मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, सर्व माणसे समान मानीन, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही. आणि एकविसावी म्हणते, आज माझा नवा जन्म होत आहे. ज्याने आयुष्याची कितीतरी वर्षे हा इतिहास जुळवण्यात घालवली, त्याने शपथ घेताना तो बाजूला ठेवला. यामागे विचार असला पाहिजे असे मला ठामपणे वाटते. उद्या एखादा शिलालेख सापडला आणि मांडणी चुकीची ठरली, तरी प्रतिज्ञेतला एकही शब्द बदलावा लागत नाही.

इतिहास आला तो दुसऱ्या दिवशीच्या, १५ ऑक्टोबरच्या भाषणात. नागपूरच का, संघाच्या नाकावर टिच्चून का, असे वर्तमानपत्रे विचारत होती. तो हेतू नाकारून त्यांनी सांगितले की बुद्धाचा धम्म भारतात पसरवला तो नाग लोकांनी, त्यांची मुख्य वस्ती इथे होती, इथून वाहते ती नाग नदी. अगस्ती मुनीने एका नागाला वाचवल्याची कथा सांगून, आपण त्याचे वंशज, असेही ते म्हणाले. त्याच भाषणात मेलेल्या ढोरांचा हिशेबही आला. कातडे, शिंगे, हाडे यांचे वर्षाचे पाचशे रुपये महार सोडून देतात, असे कोणीतरी छापले होते. तेवढे रुपये मी देतो, तुम्ही ढोरे ओढा, असे त्यांचे उत्तर होते.

परिणाम

दुसऱ्या दीक्षेसाठी बाबासाहेब चांद्याला गेले. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले, नागपूरनंतर ५३ दिवसांनी. दादरला अंत्यसंस्कारांच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायनांनी जमलेल्यांना दीक्षा दिली. जनगणनेत १९५१ साली भारतात सुमारे १ लाख ८० हजार बौद्ध होते, १९६१ मध्ये ३२ लाख ५० हजार. त्यांतले जवळजवळ २८ लाख एकट्या महाराष्ट्रात.

गावांत देवघरातले टाक आणि मूर्ती नदीत, विहिरीत गेल्या. वेशीची राखण करण्याची येसकरकी आणि ढोरे ओढणे बंद झाले. अनेक गावांनी बहिष्कार घातला, मजुरी तोडली, पाणी तोडले. १९५८ च्या कायद्याने महार वतन रद्द झाले, त्यामुळे बावन्न हक्कांतले जे उरले होते तेही संपले.

अडचण झाली ती कागदावर. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जात नव्हता. १९५६ मध्येच शिखांपुरती सवलत झाली, बौद्धांपुरती नाही. १५ ऑक्टोबरला बाबासाहेब म्हणाले होते की हे हक्क मीच मिळवले, पुन्हाही मीच मिळवीन. त्यांना तेवढी सवड मिळाली नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, पण केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ बंदच राहिले. केंद्रातला बदल १९९० मध्ये झाला. मधल्या ३४ वर्षांत कित्येक आईबापांनी घरात बुद्धवंदना म्हणत मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ लिहिले.

वेगळे काय करता आले असते

इतिहासाची मांडणी बरीचशी महारांच्या गावकीतून उभी राहिली होती. बावन्न हक्क, वेशीची राखण, नागपूरचे नाग. मांग, चांभार, ढोर यांचा गावाशी असलेला करार वेगळा होता, कामे वेगळी होती. त्यांच्यासाठी अशीच जवळून मांडणी झाली नाही, आणि महाराष्ट्रात त्यांच्यातले फार थोडे लोक आले. उत्तरेत आग्र्याच्या जाटवांमध्ये धम्म पोचला, तरी एकंदरीत चळवळ एका जातीशी जोडली गेली. बाबासाहेब हयात असते तर हे बदलले असते का, कोण जाणे. पण त्यांच्यामागून आलेल्यांच्या हाती पूर्ण ३४ वर्षे होती.

प्रचाराचे म्हणाल तर, १९४८ चा सिद्धांत जसजसा सभांतून आणि पोवाड्यांतून पसरला, तसतशी त्याला जोडलेली ‘हे गृहीतक आहे’ ही सूचना मागे पडली. मग कोणी फाहियानचा किंवा जातकाचा दाखला काढला की धर्मांतरच खोटे ठरल्यासारखे वाटू लागले. सिद्धांत आणि प्रतिज्ञा अशा दोन वेगळ्या वाटा खुद्द निर्णय घेणाऱ्याने आखल्या होत्या. धम्मवर्गात त्या वेगळ्याच शिकवल्या असत्या, तर एकावरचा आक्षेप दुसऱ्याला लागला नसता.

कागदाची बाजू दीक्षेच्या आधी सुटू शकली असती का? शिखांची सवलत त्याच वर्षी झाली, यावरून दार अगदीच बंद नव्हते असे दिसते. पण अडीच हजार वर्षांचा मुहूर्त होता, आणि बाबासाहेबांची तब्येत झपाट्याने ढासळत होती. थांबणे म्हणजे कदाचित कधीच न होणे. ऑक्टोबरमध्ये पुढे जायचे आणि सवलतींसाठी नंतर लढायचे, हा निर्णय माझ्या मते बरोबरच होता. चूक झाली ती त्यानंतर. दीक्षा घेणाऱ्याने सरकारी अर्जात धर्म आणि जात या दोन रकान्यांत काय लिहावे, याबद्दल गावोगावी एकच स्पष्ट सूचना कधी पोचली नाही. कोणी फक्त ‘बौद्ध’ लिहिले, कोणी ‘नवबौद्ध’, कोणी ‘हिंदू महार’. १९९० नंतर केंद्राची सवलत मागायला गेलेल्यांना आधी आपली मूळ अनुसूचित जात सिद्ध करावी लागली, आणि ज्यांच्या वडिलांनी १९५७ साली अभिमानाने फक्त ‘बौद्ध’ लिहिले होते, त्यांना आजोबांचा ‘महार’ असलेला दाखला शोधत तहसील कचेरीच्या फेऱ्या माराव्या लागल्या.